बोटाची साखर आणि शिरेची साखर

«बाबांची जेवणानंतर दोन तासांची साखर घरच्या ग्लुकोमीटरवर १८६ आली, त्याच वेळी लॅबमध्ये १५८. कोणतं खरं?»

दोन्ही आकडे खरे असू शकतात. खानापुरात अनेक वर्षे रक्त तपासताना, विशेषतः भातजेवणानंतर, असा फरक मी नेहमी पाहतो. धमनीतून हाताकडे येणारे रक्त आतड्यातून नुकतीच शोषलेली साखर घेऊन येते. जेवणानंतर वाढलेल्या इन्सुलिनमुळे हाताचे स्नायू त्यातली बरीच साखर ओढून घेतात, आणि उरलेली घेऊन रक्त कोपराजवळच्या शिरेत पोहोचते, जिथे आम्ही सुई टोचतो. बोटाच्या टोकातल्या केशवाहिन्यांतले रक्त मात्र धमनीतल्या रक्ताच्या जवळचे असते, म्हणून तिथे आकडा जास्त दिसतो. उपाशीपोटी स्नायूंची ही ओढ अल्प असल्याने दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात.

म्हणून यंत्राची पारख उपाशीपोटीच करावी: लॅबमध्ये शिरेतून रक्त काढताच, साबणाने धुऊन कोरड्या केलेल्या बोटाचा थेंब आपल्या यंत्रावर घ्यावा. तेव्हाही २८ चा फरक राहिला, तर मात्र पट्ट्यांची मुदत पाहावी. (रक्ताची नळी तासभर तशीच पडली, तर पेशी साखर खात राहतात आणि लॅबचा आकडा आणखी उतरतो.)