इंजिनाला जाळी का लावत नाहीत?

‘विमानाच्या इंजिनापुढे साधी लोखंडी जाळी बसवली की पक्षीही अडतील आणि ज्वालामुखीची राखही. पण पैसे वाचवायला कंपन्या ती लावत नाहीत आणि पायलट बसतात देवाच्या भरवशावर!’

या दाव्यातलं आधी पक्ष्यांचं बघू. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं एअरबस ए३२० विमान जेमतेम २,८०० फुटांवर पोचलं होतं, तोच ते रानहंसांच्या थव्यात सापडलं. दोन्ही इंजिनांची ताकद गेली आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. सुदैवाने सगळे १५५ जण वाचले. हा कॅनडा गूज पक्षी साधारण साडेतीन किलोचा. विमानाचा वेग ताशी ४०० किलोमीटर धरला तर एकेका धडकेची ऊर्जा टनभर वजनाची मोटार ताशी २४ किलोमीटर वेगाने आदळावी तेवढी होते. एवढा मार सोसणारी जाळी जाड नि जड असणार, आणि ती तुटली तर पक्ष्यासोबत तिचे तुकडेही आत जाणार. नुसत्या पक्ष्यापेक्षा ते कितीतरी वाईट.

त्यात थंड ढगांमधून जाताना जाळीवर बर्फ साचतो. मोठं इंजिन टेक-ऑफच्या वेळी सेकंदाला टनभराहून जास्त हवा ओढतं. वाट चोंदली की त्याचा श्वासच कोंडतो, आणि हे पक्षी जवळपास नसतानाही होऊ शकतं. हडसन अपघाताचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी वाहतूक-सुरक्षा संस्थेने जाळीसारख्या उपायांचा विचार केला होता. प्रवासी विमानांच्या टर्बोफॅन इंजिनांसाठी ते व्यवहार्य नाहीत, असाच त्यांचा निष्कर्ष होता.

जाळीची कल्पना अगदीच हवेतली नाही, हेही सांगायला हवं. सुखोई-२७ सारख्या लढाऊ विमानांत हवेच्या वाटेवर जाळी असते. मात्र ती धावपट्टीवरचे खडे अडवण्यासाठी, आणि उड्डाणानंतर ती बाजूला होते.

मग प्रवासी इंजिन काय करतं? पुढचा मोठा पंखा फिरताना पक्ष्याचे अवशेष बाहेरच्या कडेकडे फेकतो आणि बहुतेक वेळा ते इंधन जळतं त्या गाभ्याला वळसा घालून मागून निघून जातात. हडसनच्या वेळी ते गाभ्यात शिरले, घात तिथे झाला. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी इंजिनावर खरोखर पक्षी डागून चाचणी होते. मोठा पक्षी गेला तर इंजिन बंद पडलं तरी चालतं, पण फुटून तुकडे बाहेर उडता कामा नयेत. मध्यम आकाराचे अनेक पक्षी गेले तरी निदान ७५ टक्के जोर टिकावा लागतो.

आता राख. इथे तर जाळीचा मुद्दाच उरत नाही, कारण घात करणारे कण पिठाइतके बारीक असतात. ते अडवणारं कापड लावलं तर हवाही अडेल.

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ जावाजवळ ३७ हजार फुटांवर होतं. गालुंगगुंग ज्वालामुखीची राख हवेत पसरली होती, पण हवामान रडार पाण्याचे थेंब टिपतं; कोरडी बारीक राख त्यात दिसली नाही. समोरच्या काचेवर निळसर ठिणग्या नाचू लागल्या आणि काही मिनिटांत चारही इंजिनं बंद पडली.

कारण असं. राख म्हणजे बव्हंशी काचेचा चुरा. ती ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते, आणि जोरात चालणाऱ्या इंजिनाच्या ज्वलनकक्षात तापमान त्याहून बरंच जास्त असतं. वितळलेली काच टर्बाइनच्या तोंडाशी असलेल्या स्थिर पात्यांना चिकटते, वायूची वाट अरुंद होते, पुढे दाब तुंबतो आणि प्रवाह उलटतो. यालाच सर्ज म्हणतात. विमान तरंगत खाली येताना इंजिनं थंड झाली, काच कडक होऊन तडकली, थोडीफार गळून पडली. साडेतेरा हजार फुटांच्या आसपास ती एकेक करून पुन्हा सुरू झाली. पुढे थोडं वर चढताच ठिणग्या परत दिसल्या आणि एक इंजिन कायमचं बंद करावं लागलं. विमान जाकार्ताला उतरलं तेव्हा पुढच्या काचा घासून धुरकट झाल्या होत्या.

म्हणून राखेत शिरल्यावर जोर वाढवून वर निसटू पाहणं घातक. डिसेंबर १९८९ मध्ये अलास्कात केएलएमच्या ७४७ ने तेच केलं आणि साधारण मिनिटभरात चारही इंजिनं गेली. तीही खाली आल्यावर सुरू झाली. आता कार्यपद्धती स्पष्ट आहे: जोर आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल बंद करा, उंची परवानगी देईल तितका जोर कमी करा, आल्या वाटेने मागे वळा, गंधकाचा वास किंवा धूर जाणवला तर ऑक्सिजन मास्क चढवा. इंजिन आणि पंखांवर बर्फ साचू न देणारं अँटी-आइस चालू करायचं, कारण त्यासाठी इंजिनातून काढलेल्या हवेमुळे आत हवा दाबणाऱ्या काँप्रेसरवरचा दाब हलका होतो आणि सर्जची शक्यता कमी होते.

पण ही सगळी नंतरची धावपळ. आधी जगभरची नऊ ज्वालामुखी-राख सल्ला केंद्रं उपग्रहांवरून ढगाचा माग काढून त्याची उंची आणि पुढची दिशा कळवतात, आणि विमानांचे मार्ग त्यानुसार वळवले जातात. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीमुळे युरोपचं आकाश कित्येक दिवस बंद राहिलं, त्यात विमान कंपन्यांचंच प्रचंड नुकसान झालं.