शोरील अशी करा की कामच येऊ नये

पैशाचं पहिलं काम शोधणाऱ्या एडिटर मंडळींनो, परवा एका छोट्या जाहिरातीसाठी आलेल्या शोरील ओळीनं पाहिल्या. त्यातून मिळालेली विद्या स्वतःपाशी ठेवणं पाप आहे.

सुरुवात लोगोने करा. काळा पडदा, उडणारे कण आणि सोनेरी अक्षरांत तुमचं नाव, पुढे 'फिल्म्स'. बारा सेकंद तरी चालू द्या. दहाव्याला कुणी पुढची लिंक उघडली, तर त्याचं नशीब फुटकं.

लांबी चार मिनिटं. दीड मिनिटात आटोपतात ते भित्रे.

कोणत्या तुकड्यात तुम्ही काय केलंय, हे कोपऱ्यात लिहू नका. लोणावळ्याच्या धुक्यातला तोच ड्रोन शॉट तिघांच्या शोरीलमध्ये भेटला की गाववाला भेटल्यासारखं वाटतं.

आणि एडिटर आहात ना? मग संवाद चुकूनही दाखवू नका. मिनिटाला 120 ठोक्यांचं गाणं घ्या, प्रत्येक ठोक्यावर मार्कर मारा आणि दर अर्ध्या सेकंदाला एक शॉट चिकटवा. सूर्यास्त, गिंबलवरची नवरी, स्लो मोशनमधला गुलाल. बघणारा म्हणेल, "वा! शूट कुणी केलंय?" आणि काम कॅमेरामनला जाईल.

अहो, मार्करवर कट मारायला एडिटर लागतोच कशाला? दोन माणसं बोलताना तुम्ही कुणाच्या चेहऱ्यावर किती थांबता, तेवढंच आम्हाला बघायचं असतं. चहाच्या टेबलावर मुलगी आईला सांगते, "मी नोकरी सोडली." नवशिका वाक्य संपेपर्यंत मुलीवर राहतो, आई बोलायला लागली की आईवर जातो, मग पुन्हा मुलीवर. नुसतं टेबल टेनिस! तेच 'सोडली' यायच्या आधी आईवर जा. शब्द आईच्या चेहऱ्यावर ऐकू येऊ द्या आणि दीड सेकंद कुणी काही बोलू नका. त्या शांततेत पंख्याची घरघर मध्येच तुटली, तर दोन टेकचा सांधा उघडा पडतो. म्हणून त्याच खोलीचा अर्धा मिनिट रिकामा आवाज रेकॉर्ड करून खाली अंथरायचा. असा चाळीस सेकंदांचा एक प्रसंग शंभर ड्रोनना भारी पडतो. फुटेज नाही म्हणता? दोन मित्र बसवा आणि एकाच फोनवर तोच प्रसंग आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने शूट करा. पहिल्यांदा कप उजव्या हातात होता की डाव्या, हे जुळवताना आपोआप शिकाल.

रंगाचं सोडा, ते शिकवता येतं.

पण लिंक? पाचातल्या दोन ड्राइव्ह लिंक 'You need access' म्हणाल्या. एकाने व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलं. तो दाबला जाऊन चेहऱ्यांचे ठोकळे झालेले. एकीच्या शेवटी फोन नंबरच नाही! बाळांनो, रात्र रात्र जागून एडिट करता ना? मग शेअरिंग 'Anyone with the link' करायला किती वेळ लागतो? शेवटच्या फ्रेमवर नाव आणि नंबर टाका, पाच सेकंद राहू द्या. आणि पाठवण्याआधी ती लिंक आईच्या फोनवर उघडून बघा, तुमचं लॉगइन नसलेल्या.