पहाटे तीनची जाग आणि माझी सहा तासांची रात्र

गेल्या वर्षी जूनमध्ये बाबांची बायपास झाली. ते सांगलीला, मी नाशिकला. त्या दिवसांत फोन उशाशी घेऊन झोपायचे आणि जरा खुट्ट झालं की उठून बसायचे. बाबा बरे झाले, गणपतीत आरतीला उभेही राहिले. माझी जाग मात्र गेली नाही. रोज तीनच्या सुमारास डोळे टक्क उघडायचे आणि मिनिटभरात डोकं सुरू. बाबांची औषधं संपत आली असतील का, बँकेत कालच्या नोंदीत काही राहिलं का, लेकीची फी, आणि मग दहा वर्षांपूर्वी जावेला बोललेलं एक वाक्य. मन चिंती ते वैरी न चिंती, ते त्या तासात शब्दशः खरं असतं.

माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका हेच सांगतात, म्हणून सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही. पण पाच महिने हे सोसलं, मग झोपेच्या तक्रारींवर काम करणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, आणि तिथे जे शिकले ते आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

पहिली गोष्ट, तीन या आकड्यात काही नाही. झोपेलाही भूक असते. दिवसभर जागं राहिलं की ती साठत जाते, आणि रात्रीच्या पहिल्या तीनचार तासांत मेंदू त्यातली बरीचशी भागवून घेतो. गाढ झोप मुख्यतः याच तासांत येते. त्यानंतरची झोप हलकी, स्वप्नांची. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर आपण सगळेच थोडे जागे होतो, कूस बदलतो, पुन्हा झोपतो. सकाळी ते आठवतही नाही. मी सव्वादहाला झोपायचे, म्हणजे तीनपर्यंत माझी तीन आवर्तनं झालेली असायची. एक वाजता झोपणाऱ्या माणसाला हाच प्रकार साडेपाच-सहाला होतो, आणि तो त्याला ‘सकाळी लवकर जाग आली’ म्हणतो.

त्यात पहाटेकडे शरीर उठायची तयारी सुरू करतं. कॉर्टिसोल हे संप्रेरक रात्रीच्या उत्तरार्धात वाढायला लागतं. झोपेची भूक बरीचशी भागलेली, शरीर हळूहळू जागं होतंय, अशा वेळी मनात काळजी असेल तर क्षणभराची जाग पूर्ण जाग होते. आणि विचार काळेकुट्ट का असतात? तो डोक्याचा सगळ्यात मंद काळ असतो, आणि त्या वेळी करता येण्यासारखं काहीच नसतं. बँक बंद, बाबा झोपलेले. दुपारी दोन मिनिटांच्या फोनने मिटणारी गोष्ट तिथे दोन तास फिरत राहते.

हे कळल्यावर बरं वाटलं, पण झोप आली नाही. खरा प्रश्न डॉक्टरांनी नंतर विचारला.

“तुम्ही अंथरुणात किती तास असता?”

मी सांगितलं, झोप पुरत नाही म्हणून लवकर पडते. साडेनऊला दिवा बंद. सकाळी डोळा लागला तर पावणेसातपर्यंत उठत नाही, घरचे सांभाळून घेतात. रविवारी दुपारी दोन तास.

त्यांनी दोन आठवडे वही ठेवायला लावली. सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायचं, रात्री घड्याळ बघायचं नाही. वहीतून सरासरी अशी निघाली: अंथरुणात साडेनऊ ते पावणेसात, म्हणजे सव्वानऊ तास. झोप सव्वादहा ते तीन, आणि पुन्हा सव्वापाच ते सव्वासहा. एकूण पावणेसहा तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी जेमतेम ६२ टक्के झोप. बाकीचे साडेतीन तास मी त्याच गादीवर, त्याच उशीवर डोकं ठेवून काळजी करत होते. रोज. पाच महिने.

बाबांच्या आजारपणाने जाग सुरू झाली. ती टिकवली मी, भरपाई करण्याच्या खटपटीत. लवकर पडल्याने झोप लांबलचक वेळेवर पातळ पसरली, आणि अंथरूण ही शरीरासाठी जागं राहण्याची जागा झाली. हा विचार नवा नाही. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये अंथरूण आणि झोप यांची तुटलेली सांगड पुन्हा जोडायची पद्धत मांडली, आणि आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये अंथरुणातला वेळच कमी करायची. या दोन्हींना काळजीच्या विचारांवरच्या कामाची जोड मिळून जो उपचार झाला, त्याला निद्रानाशासाठीची विचार आणि वर्तन यांवरची उपचार पद्धती म्हणता येईल. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा असं सांगितलं. मला आधी दोन ठिकाणी थेट गोळीच लिहून मिळाली होती, त्याचा राग अजून आहे.

तर मला मिळाली सहा तासांची रात्र. उठायची वेळ पावणेसहा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तिथून मागे मोजून झोपायची वेळ पावणेबारा. त्याआधी गादीला पाठ लावायची नाही. दुपारची झोप बंद. पाच-साडेपाच तासांपेक्षा कमी रात्र मात्र सहसा कुणाला देत नाहीत, झोप त्याहून कमी भरली तरी.

पहिला आठवडा वाईट गेला, हे सांगायलाच हवं. रात्री नऊला सोफ्यावर डोळे मिटायला लागायचे. आणि बऱ्याच जणांचं तिथेच फिसकटतं. टीव्हीसमोर वीस मिनिटांची डुलकी लागली की साठवलेली भूक मोडते आणि तीनला पुन्हा टक्क. मी साडेनऊनंतर उभ्याने करायची कामं काढली: डब्याची भाजी चिरणं, इस्त्री. त्या आठवड्यात मी स्कूटर चालवली नाही, रिक्षाने गेले. पेंग येत असताना गाडी चालवणं धोक्याचं आहे.

दुसरा नियम तीनच्या जागेसाठी. पंधरावीस मिनिटं झाली असं वाटलं, किंवा चिडचिड सुरू झाली, की अंथरूण सोडायचं. अंदाजानेच. घड्याळ मी हॉलच्या कपाटात ठेवलं आणि फोन स्वयंपाकघरात, कारण ‘तीन वाजले, आता तीनच तास उरले’ हा हिशेब सुरू झाला की छातीत धडधड वाढते आणि झोप आणखी लांब जाते. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत दुलईतून निघणं जिवावर येतं, म्हणून शाल आणि मोजे संध्याकाळीच हॉलमधल्या खुर्चीवर काढून ठेवायचे. मंद दिवा लावून मी वाती वळत बसायचे. हाताला काम असतं, डोक्याला त्यातलं थोडंसंच लागतं, आणि अर्ध्यावर सोडलं तरी काही बिघडत नाही. फोन, हिशेब, उरलेली भांडी, यातलं काही नाही.

परत कधी जायचं? डोळे जड झाले, मान कलली की. दमणं वेगळं आणि झोप येणं वेगळं, हा फरक मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळला. दमलेलं शरीर पडून राहू शकतं आणि तरी तासभर जागं असतं. पहिल्या काही रात्री मी दोनदोनदा उठले. एकदा उजाडेपर्यंत परत गेलेच नाही. तरी पावणेसहाचा गजर तोच ठेवला, आणि पुढच्या रात्री सलग पाच तास झोप लागली.

विचारांसाठी वेगळी वेळ ठरवली, संध्याकाळी साडेसातची पंधरा मिनिटं. कागदावर डावीकडे काळजी, उजवीकडे तिची पुढची एकच पायरी. ‘बाबांची औषधं’ यासमोर ‘शनिवारी भावाला फोन करून किती पट्ट्या उरल्या ते विचारणं’. ज्याला पायरीच नाही, त्यासमोर ‘आज करण्यासारखं काही नाही’ असं लिहायचं. मग कागद घडी करून ड्रॉवरमध्ये. तीनला तो विचार आला की ‘लिहिलंय’ एवढंच मनात म्हणायचं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर असाच एक प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या आणि पुढच्या काही दिवसांच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. तो प्रयोग रात्री झोप लागण्याबद्दल होता, मधल्या जागेबद्दल नाही. माझा अनुभव इतकाच की विचार येणं थांबलं नाही, त्यांना चिकटून राहणं कमी झालं.

दुसऱ्या आठवड्याअखेर सहा तासांपैकी पाच तास वीस मिनिटं झोप भरली, म्हणजे ८९ टक्के. ८५ च्या वर गेलं की पंधरा मिनिटं बक्षीस, असा नियम आहे. मग साडेअकरा, मग सव्वाअकरा. चौथ्या आठवड्यात तिमाहीअखेरचं काम आलं आणि सगळं विस्कटलं, तेव्हा वेळ वाढवली नाही, तीच ठेवली. सातव्या आठवड्यात पावणेअकरा ते पावणेसहा, सात तास. तिथे मी थांबले, कारण त्यापुढे वाढवलं की जाग परत लांबायला लागली. माझी गरजच तेवढी असावी.

हे सगळ्यांनी घरच्या घरी करू नये. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असणाऱ्यांनी, रात्री वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी झोप कमी करण्याचा प्रयोग डॉक्टरांशिवाय अजिबात नको. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर आधी त्याची तपासणी. घामाने अंग भिजून जाग येत असेल आणि वय चाळिशीपुढचं असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. मद्याने झोप लवकर लागते पण रात्रीचा दुसरा भाग तुकड्यातुकड्यांचा होतो. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणून माझा शेवटचा चहा दुपारी दोनचा.

आणि पहाटेची जाग येते, पुन्हा झोप नाही, सकाळ सगळ्यात जड जाते, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. नको ते विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जे झोपेची गोळी अनेक महिने रोज घेताहेत, त्यांनी हे वाचून ती एकदम बंद करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायची असते.

मला अजून जाग येते. मंगळवारीही आली. बाहेर कुत्री भुंकत होती, हे बाजूला शांत झोपले होते. थोडा वेळ पडून राहिले, मग शाल घेऊन हॉलमध्ये गेले. पाचसहा वाती झाल्या असतील, मान कलायला लागली. किती वाजले होते ते माहीत नाही.