चहा, झोपाळा आणि सुधारित कोटेशन

नाशिकच्या अंबडला माझं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. एक वेल्डिंग मशीन, एक कटर, दोन कारागीर आणि एक हेल्पर, जो सकाळी अकराला येतो आणि साडेअकराला कुठे गेला ते विचारायचं नसतं. लोखंडाची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती पत्राची. कागद समोर घेऊन "प्रति, श्री." एवढं लिहिलं की हाताला घाम सुटतो, आणि पत्र पैसे वाढवून मागायचं असेल तर मग विचारूच नका.

झालं असं की इंदिरानगरला एका काकांच्या गच्चीवर पत्र्याचं शेड ठरलं. काका रिटायर्ड हेडमास्तर, मराठीचे. मे महिना संपत आलेला, मृग लागायच्या आत शेड उभं राहायला पाहिजे ही त्यांची अट. मी माप घेतलं, १९ फूट ६ इंच लांब आणि १५ फूट रुंद. काका म्हणाले, २० फूट सरळ का नाही रे? म्हणलं काका, पाइप बाजारात ६ मीटरचा येतो, म्हणजे १९ फूट ८ इंच. त्यात बसवलं तर जॉइंट नाही, वेस्टेज नाही, तुमचे पैसे वाचतात. काका खूश झाले. २९२.५ स्क्वेअर फूट, २८० रुपयांनी ८१,९०० अधिक जीएसटी. खांब सहा, पाइप ५० बाय ५० चा २ एमएम, एका बाजूला हिरवी नेट. चाळीस टक्के अॅडव्हान्स मिळाला, मी पत्र्यांची ऑर्डर टाकली आणि काम सुरू.

आता या घरात चहा फार चांगला मिळतो, आणि माझं सगळं वाटोळं तिथेच झालं.

पहिल्या चहाला काका म्हणाले, अरे शेड जिन्याच्या दारापर्यंत आलं तर भिजावं लागणार नाही, पाचच फूट तर आहे. दुसऱ्या चहाला काकू म्हणाल्या, पाणी शेजाऱ्यांच्या वाळवणावर पडेल, ती पन्हाळ का काय म्हणतात ती लावून टाक. तिसऱ्या चहाला पुण्याहून काकांची बहीण आलेली होती, तिने वर बघितलं आणि म्हणाली, इथे झोपाळा काय छान दिसेल! आणि प्रत्येक वेळी मी बशीत बिस्कीट बुडवत "बघू, करू" म्हणलो. हे "बघू, करू" माझ्या धंद्यातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे, कारण समोरच्याला त्यात फक्त "करू" ऐकू येतं.

आपल्याकडे गोदेला पूर आला की आपण लिटर-बिटर विचारत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतो. तसं मला एका संध्याकाळी गच्चीवर उभं राहिल्यावर जाणवलं की आता पाणी कमरेच्या वर आहे. खांब उभे, वरचे आडवे पाइप वेल्ड झालेले, रेड ऑक्साइड मारून झालेलं, आणि काम मूळ कामाच्या दीडपट झालेलं, पण रक्कम तीच. काकांना तोंडी सांगून बघितलं तर ते म्हणाले, "अरे बाबा, माणसं आहेतच, मशीन आहेच, पाच फुटाला असा कितीसा खर्च?"

घरी आलो, जेवलो, आणि डायनिंग टेबलवर कागद घेऊन बसलो. पहिला ड्राफ्ट असा होता: "आपण काम वाढवलेत त्यामुळे रक्कम वाढली आहे, कृपया भरावी." बायकोने वाचलं आणि म्हणाली, अहो हे लाईट बिलाची नोटीस आल्यासारखं वाटतंय. दुसरा ड्राफ्ट इतका नम्र झाला की त्यात पैसे मागायचेच राहिले. तिसऱ्यात मी एकदम सगळं मिळून १,२६,७७० असा नवा आकडा टाकला. बायको म्हणाली, काका हाच आकडा बघतील आणि म्हणतील ८२ चे एक लाख सत्तावीस कसे झाले, भाव वाढवला याने. आणि ती बरोबर होती, कारण मी स्वतः दुकानदाराकडून असं कोटेशन आलं असतं तर तेच म्हणलो असतो.

मग मी बसून नीट लिहायला घेतलं, आणि पहिलीच गोष्ट ठरवली की जुन्या कोटेशनला हात लावायचा नाही. त्याचा नंबर तोच, तारीख तीच, खाली फक्त "सुधारित १". मूळ २९२.५ फूट, मूळ रेट २८०, मूळ रक्कम ८१,९००, एक रुपया इकडेतिकडे नाही. ते आधी लिहिलं की वाचणाऱ्याचा श्वास खाली बसतो. मग नवं काम वेगळं, आणि प्रत्येक आयटमपुढे कोणी, कधी सांगितलं ते. (तारखा मला आठवत नव्हत्या, पण हेल्परच्या खाड्यांच्या वहीवरून लागल्या, त्या दिवशी तो आला नव्हता म्हणून मीच वर होतो.)

सगळ्यात जास्त वेळ गेला पाच फुटांवर. ७५ स्क्वेअर फूट झाले, २८० ने २१,००० होतात, पण मी लावले ३४० ने २५,५००. हे वरचे साठ रुपये कागदावर समजावून सांगणं म्हणजे लोखंडाला उकळी आणण्यासारखं आहे. कारण लोकांना वाटतं की काम वाढलं की रेट कमी व्हायला पाहिजे, जास्त कांदे घेतले की भाव पडतो तसा. पण हे कांदे नाहीत. आधी लांबी ६ मीटरच्या पाइपात बसत होती, आता साडेचोवीस फूट झाली, म्हणजे पत्र्याखालच्या पाचही आडव्या पाइपांना जॉइंट आला, आणि जॉइंट हवेत सोडता येत नाही, खाली आधार लागतो, म्हणून दोन खांब आणि एक अख्खी फ्रेम जास्तीची. पत्र्याचं तर अजून वेगळंच. एक पत्रा लागल्यावर साधारण एक मीटर रुंदी झाकतो, आधी सहा पुरत होते, आता आठ लागणार. ते मापाने कापून येतात, आधीचे सहा येऊन पडलेत, म्हणजे दोन पत्र्यांसाठी टेम्पो परत. टेम्पोवाला काही "दोनच तर आहेत" म्हणून पाव भाड्यात येत नाही. हे सगळं मी पत्रात चार ओळींत लिहिलं. पहिल्यांदा दोन पानं झाली होती, बायकोने कात्री लावली.

पन्हाळ सोपी होती, साडेचोवीस रनिंग फूट, २६० ने ६,३७०, खालच्या पाइपसकट. त्यावर कोणी भांडत नाही कारण पन्हाळ डोळ्याला दिसते.

झोपाळ्याने मात्र झोप उडवली. काकांच्या बहिणीला वाटत होतं की दोन हूक मारले की झालं. पण ५० बाय ५० चा २ एमएम पाइप मीटरला जेमतेम ३ किलो भरतो, तो पत्र्याचं वजन आणि वारा सांभाळायला घेतलेला. त्यावर दोन माणसं बसून झोके घ्यायला लागली की भार नुसता खाली येत नाही, पुढे-मागे ओढतो, आणि ते हिसके खांबाच्या बुडाच्या बेसप्लेटपर्यंत जातात. आधी अँकर ढिले होतात, मग तिथून गच्चीत पाणी शिरतं, आणि मग पुढच्या पावसाळ्यात खालच्या बेडरूमच्या सिलिंगला डाग पडला की फोन मला. झोपाळा त्याच शेडला टांगायचा असेल तर तो पाइप ७२ बाय ७२ चा, ३.२ एमएम पाहिजे होता, वजनाला दुपटीहून जास्त, आणि उभे केलेले खांब कापून परत लावायला पाहिजेत. म्हणजे वाढीव काम फक्त पुढे जोडलं जात नाही, कधीकधी ते मागे येऊन झालेल्या कामालाच खातं. हे मला वीस वर्षांनी कळलं, काकांना एका पत्रात कळावं ही अपेक्षा.

मग दोन पर्याय लिहिले. एक, खांब बदलणे, त्याचा खर्च वेगळा आणि मृगाच्या आत काम होणार नाही हे स्पष्ट. दोन, शेडला न लावता झोपाळ्याची स्वतंत्र जाड पाइपची फ्रेम, अंदाजे १०० किलो, १३० रुपये किलोने १३,०००, बिल प्रत्यक्ष वजनावर. दुसरा पर्याय बेरजेत धरला. इथे मला स्वतःचा जरा अभिमान वाटला.

आणि मग बायकोने एक गोष्ट काढली जी मी लपवणार नव्हतो पण विसरणार नक्की होतो. ती हिरवी नेट. पाच फूट वाढवल्यावर त्या बाजूला जिन्याची भिंत येते, नेट लागतच नाही. २,९०० रुपये वजा. म्हणलं अगं, कोणाला कळणारे? ती म्हणाली, वजा दाखवा, म्हणजे बाकीच्या बेरजेवर विश्वास बसेल. वजा केले. वाढीव ४४,८७० मधून ते गेल्यावर ४१,९७० राहिले, मूळचे धरून १,२३,८७०, जीएसटी १८ टक्के वेगळा. आकडा जवळपास कालचाच, नेटचे तेवढे गेले, फक्त आता त्याला पाय फुटले होते.

शेवटी लिहिलं की नवीन काम पाच दिवस जास्त घेईल, स्टीलचा भाव सात दिवसांपुरता, आणि सही आल्याशिवाय दोन पत्रे ऑर्डर करणार नाही. ही शेवटची ओळ लिहिताना हात थरथरला, कारण काका चिडून म्हणाले असते की राहू दे, तर माझे खांब त्यांच्या गच्चीवर रेड ऑक्साइडमध्ये उभे राहिले असते, लग्न मोडलेल्या मांडवासारखे.

पत्र दिलं आणि चहा न घेता पळून आलो. काकू हाक मारत होत्या, म्हणलं गाडी डबल पार्क केलीय. (गाडी अंबडलाच होती, मी रिक्षाने गेलो होतो.)

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन, "पत्र मिळालं. 'फ्रेमची' मध्ये 'ची' तू तोडून लिहिलास, आणि दोन ठिकाणी अनुस्वार विसरलास. साठ रुपयांचं मात्र पटलं. वरचे ८७० सोड, सही करून ठेवतो." म्हणलं काका, सोडले. एवढी सूट मी धरूनच ठेवली होती, ते त्यांनाही माहीत असावं.

संध्याकाळी गेलो. चहा समोर आला, मी फक्त पाणी मागितलं. काकांनी पत्राची कॉपी दिली, लाल पेनाने दुरुस्त केलेली, अनुस्वार टाकलेले, ८७० खोडलेले, खाली "पर्याय दोन मान्य", सही, तारीख. आणि सहीच्या खाली त्यांच्या त्या वळणदार अक्षरात अजून एक ओळ होती:

"कुंड्यांसाठी तीन पायऱ्यांचा स्टँड, लांबी ४ फूट. रेट लेखी कळवणे. सुधारित २."