क्रोशे डाव्या हाताने: उलटं काय होतं आणि काय होत नाही

“डावखुऱ्यांनी क्रोशे सरळ उजव्या हातानेच शिकावं. डाव्या हाताने विणलं की नमुना उलटा येतो, आकृत्या वाचता येत नाहीत, आणि व्हिडिओ तर सगळे उजव्यांचेच असतात.”

हा सल्ला आपण डावखुऱ्या नेहमी ऐकतो. आधी उलट्या नमुन्याचं बघू. उजव्या हाताने विणणारी ओळ उजवीकडून डावीकडे जाते, आपली डावीकडून उजवीकडे. गोल रुमालात त्यांच्या फेऱ्या घड्याळाच्या उलट फिरतात, आपल्या घड्याळाप्रमाणे. बाकी काही बदलत नाही. साखळी तीच, खांब तोच, धागा सुईच्या मागून वर येऊन पुढेच येतो, आणि ‘पुढचा फासा, मागचा फासा’ म्हटलं तर तेही तसेच राहतात. दोन्ही बाजू सारख्या असलेला रुमाल पूर्ण झाल्यावर कोणत्या हाताचा आहे ते सहज ओळखूही येत नाही.

फरक पडतो तो डावं-उजवं वेगळं असलेल्या कामात. स्वेटरच्या ‘डाव्या पुढच्या भागा’ची कृती जशीच्या तशी विणली तर आपला उजवा भाग तयार होतो. दोन्ही भाग विणायचेच असतात, त्यामुळे काही वाया जात नाही, पण काजं कोणत्या पट्टीवर येणार ते विणण्याआधी ठरवावं लागतं. उलट्या नमुन्याच्या भीतीत खरी गोष्ट असेल तर एवढीच.

आता आकृती. आरशात धरल्यासारखी उलटवायची की नाही, हा प्रश्न प्रत्येक आकृतीला वेगळा विचारावा लागतो. सरळ बाजूच्या ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या छापील आकृतीत उजव्या कडेला काढलेल्या असतात आणि आपण सुरू करतो डाव्या कडेने. आकृतीचा फोटो आडवा उलटवला की त्या साखळ्या आपल्या कडेला येतात आणि वाचणं सोपं होतं, मात्र चित्रही उलटतं. पानाफुलांच्या नक्षीत त्याने बिघडत नाही, अक्षरांत बिघडतं.

‘शुभ लाभ’चं जाळीचं तोरण घ्या. समजा सरळ बाजूच्या एका ओळीत दहा चौकटी आहेत आणि कृतीत लिहिलंय: 2 रिकाम्या, 5 भरलेल्या, 3 रिकाम्या. हे उजव्या कडेपासून मोजलेलं आहे. तुम्ही डाव्या कडेने त्याच क्रमाने विणलंत तर अक्षर उलटं पडणार. म्हणून आकृती न उलटवता ओळ शेवटाकडून वाचा: 3 रिकाम्या, 5 भरलेल्या, 2 रिकाम्या. परतीच्या ओळीत उजव्यांची ओळ डावीकडून वाचायची असते, ती तुम्ही उजवीकडून वाचा.

माझ्या पहिल्या तोरणात मी हे केलं नव्हतं. चार ओळींनंतर ‘शु’चा उकार भलत्याच बाजूला वळलेला दिसला आणि मी सगळं उसवलं. उसवायची गरज नव्हती. जाळीच्या कामाच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात, पूर्ण झाल्यावर तोरणाची मागची बाजू पुढे करून टांगलं की अक्षरं सरळ वाचता येतात. रंगीत धाग्यांनी चित्र विणत असाल तर ही सवलत नाही, कारण तिथे मागची बाजू वेगळीच दिसते.

एक फसवी खूण सांगते, कारण ती शोधायला मला फार वेळ लागला. खांबाच्या दांड्याला पुढून वळसा घालून विणलेला खांब आणि मागून वळसा घालून विणलेला खांब, या दोघांच्या चिन्हात फरक असतो तो खालच्या आकड्याच्या दिशेचा. एकाचा आकडा डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. फोटो उलटवला की पुढचा मागच्यासारखा दिसायला लागतो. पाठ केलेल्या ओळखीवर विणलंत तर उठाव यायला हवा तिथे खोलगट भाग येतो. म्हणून चिन्हांची यादीही त्याच फोटोत घ्या आणि तीही सोबत उलटवा, म्हणजे जुळवायला चूक होत नाही. ओळींचे आकडे मात्र उलटे दिसतील, ते पेनाने पुन्हा लिहून ठेवा.

राहिले व्हिडिओ. कॅमेरा शिकवणारीच्या खांद्यावरून, म्हणजे तिच्याच नजरेने धरलेला असेल तर व्हिडिओ उलटवायचा. संगणकावर VLC मध्ये Tools, मग Effects and Filters, मग Video Effects, तिथे Geometry मध्ये Transform वर खूण करून Flip horizontally निवडा. पडद्यावरची अक्षरं उलटतील, म्हणून टाक्यांची संख्या आधीच कागदावर उतरवून घ्या. पण कॅमेरा तिच्या समोर असेल तर काहीच उलटवू नका. समोर बसलेल्या उजव्या बाईची सुई तुम्हाला आपल्या डाव्या बाजूलाच दिसते, आरशात दिसावी तशी. शेजारी न बसता समोर बसून शिकलेली डावखुरी मुलगी म्हणूनच पटकन शिकते. कोणता व्हिडिओ कसला हे ओळखायचं तर पहिल्या मिनिटात सुई पडद्याच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा: डावीकडे असेल तर तसाच चालवा, उजवीकडे असेल तर उलटवा.

उजव्या हाताने विणणाऱ्या डावखुऱ्याही आहेत आणि त्यांना ते जमतं, कारण क्रोशात धागा ताणून धरणाऱ्या हातालाही पुष्कळ काम असतं. ज्यांना तसं सोयीचं वाटतं त्यांनी तसं विणावं. पण सुई डाव्या हातात घेतल्यावर ज्या मुलीचे टाके सारखे पडतात, तिच्या हातातून ती काढून घ्यायला वर दिलेल्यातलं एकही कारण पुरत नाही.