डाउनलोड नाही, तरी कोटा गेला कुठे?

> "ऑनलाइन गेम खेळायला डेटा नगण्य लागतो हे तुमचं वाक्य वाचून आम्ही निर्धास्त राहिलो. मुलगा रोज तीन तास खेळतो, तेही क्लाउडवर, एकही गेम डाउनलोड केलेला नाही. तरी १९ तारखेला १००० जीबी संपले आणि आता नेट रांगतंय. लिहिण्याआधी कुणाच्या घरचा कोटा तरी बघायचा."

ताई, चूक माझी आहे. त्या लेखात मी 'ऑनलाइन' हा एकच शब्द सरसकट वापरला आणि क्लाउडचा विषयच काढला नाही. नगण्य म्हटलं ते मल्टिप्लेअरबद्दल, म्हणजे गेम आपल्या मशीनवर बसवलेला असतो आणि फक्त सामना नेटवर चालतो, त्याबद्दल.

तिथे चित्र आपल्याच मशीनवर तयार होतं. सर्व्हरकडून येतात ते नुसते आकडे: कोण कुठे उभा आहे, कुठे वळला, गोळी कुणाला लागली. समजा सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा असा निरोप पाठवतो आणि प्रत्येक निरोप ४०० बाइटचा आहे. तासाचे होतात ९२ एमबी. आपल्याकडून जाणारे निरोप आणि मित्रांशी चाललेला आरडाओरडा धरून दीडशे म्हणू. रोज तीन तास खेळलं तरी १९ दिवसांत नऊ जीबीसुद्धा होत नाहीत.

क्लाउडवर गेम दूरच्या मशीनवर चालतो आणि तुमच्याकडे त्याचा व्हिडिओ येतो. सिनेमाचा व्हिडिओ आधीच निवांतपणे दाबून लहान करून ठेवलेला असतो. गेमचं प्रत्येक चित्र त्या क्षणी बनतं, सेकंदाला बहुधा ६० चित्रं, आणि बटण दाबल्याबरोबर परिणाम दिसायला हवा म्हणून दाबादाबीला वेळच मिळत नाही. त्यामुळे त्याच आकाराच्या पडद्यावर सिनेमापेक्षा गेम जास्त डेटा खातो.

किती, ते काढायला सोपं आहे. स्ट्रीम किती एमबीपीएसने येतोय त्या आकड्याला ०.४५ ने गुणा, तासाचे जीबी मिळतात. (गूगलची स्टेडिया ही सेवा २०२३ मध्ये बंद पडली, पण तिने स्वतःच १०८०पी साठी तासाला १२.६ जीबीपर्यंत सांगितलं होतं, म्हणजे २८ एमबीपीएस.) तुमच्याकडे २० धरू. तासाला ९ जीबी, दिवसाला २७, १९ दिवसांत ५१३. उरलेले ४८७ म्हणजे रोजचे पंचवीसेक जीबी, टीव्ही आणि सगळ्यांचे मोबाइल मिळून. माझ्या मते हिशेब इथेच जुळतो.

माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून बघा. विंडोजच्या लॅपटॉपवर Settings > Network & internet > Advanced network settings > Data usage इथे कुठल्या प्रोग्रॅमने किती खाल्लं ते दिसतं. गेमचं नाव मात्र शोधू नका. मुलगा ब्राउझरमध्ये खेळत असेल तर सगळा आकडा क्रोम किंवा एजच्या नावावर चढलेला असतो, आणि आपण 'एवढं काय वाचतोय हा?' म्हणत बसतो. मी स्वतः एकदा यात फसलोय. टीव्हीवर खेळत असेल तर पुरवठादाराच्या अ‍ॅपमधला वापर तासाभराच्या खेळाआधी आणि नंतर टिपून घ्या. तो आकडा उशिरा बदलतो, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

आता डाउनलोडच्या भीतीबद्दल. १०० जीबीचा गेम एकदा उतरवणं म्हणजे याच दराने अकरा तासांचं स्ट्रीमिंग. रोज तीन तास म्हणजे चौथ्या दिवशीच क्लाउड महाग पडायला लागतो. पुढे महिन्याला वीस-तीस जीबीचे अपडेट आले तरी ते एका दिवसाच्या स्ट्रीमिंगएवढेच. उलट आठ तासांत संपणारा गोष्टीचा गेम असेल तर क्लाउडवर ७२ जीबीत काम भागतं, तिथे डाउनलोड करण्यात अर्थ नाही. म्हणून तो कोणता गेम खेळतो ते आधी विचारा. महिनोन्‌महिने एकच गेम चालू असेल तर उतरवून घ्या. फक्त खेळून झालं की जागेसाठी काढून टाकायचा आणि शनिवारी परत उतरवायचा, हे करू देऊ नका. कोटा त्यातही जातो.

लॅपटॉप जुना असेल आणि गेम पेलत नसेल तर क्लाउडला पर्याय नाही. मग सेवेच्या सेटिंगमध्ये बिटरेटची, म्हणजे स्ट्रीम किती एमबीपीएसने येतो त्याची, कमाल मर्यादा आहे का बघा आणि ती १० वर आणा. नुसतं रिझोल्यूशन कमी करून भागेलच असं नाही, कारण खर्च ठरतो तो बिटरेटवर. १० वर तासाला साडेचार जीबी, महिन्याला ४०५. धावत्या दृश्यात चित्र थोडं पुसट होईल आणि चिरंजीव कुरकुर करतील.