फुंका, पण शास्त्रोक्त फुंका

परवा विजापूर रोडवर रॉंग साइडने झोकांड्या खात आलेल्या एका गाडीने आम्हाला गटारात घालायचंच बाकी ठेवलं. त्या चालकाचे आभार, दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांसाठीचं हे मार्गदर्शन त्याच्यामुळेच सुचलं.

नाकाबंदीत अडवलं की "साहेब, दोनच पेग" म्हणा. पोलिसांनी हे वाक्य आजवर ऐकलेलं नाही.

शेंगाचटणी खा, मावा चघळा. वास लपेल. पोलीस फुंकायला लावतात ती मशीन मात्र वास हुंगत नाही, श्वासातलं अल्कोहोल मोजते.

"फुंकणारच नाही" असं बाणेदारपणे सांगा. मोटार वाहन कायद्याचं कलम 205 तुमच्याचसाठी आहे: सबळ कारणाशिवाय नकार दिलात, तर कोर्ट तो तुमच्याविरुद्ध धरू शकतं.

फुंकलातच, तर वकिलाला खुराक द्या. पावतीवर मशीनचा नंबर आणि वेळ आहे का? कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट आहे का? तुमच्याआधी कोरी हवा घेऊन मशीनने शून्य दाखवलं होतं का? केरळ उच्च न्यायालयाने 2025 मध्ये याच मुद्द्याला महत्त्व दिलं. शेवटचा घोट घेतल्यावर 15 मिनिटं थांबवलं होतं का? तोंडात उरलेली दारू आकडा फुगवते. हे सगळे प्रश्न रास्त आहेत, आणि ज्याने थेंबही घेतला नाही त्यालाही तेच वाचवतात.

आता हुकमी एक्का: रक्ताचा रिपोर्ट. कलम 185 ची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम. समजा रात्री 11:20 ला मशीनने 45 दाखवले. मग ठाणं, कागद, सिव्हिल, तिथली रांग, आणि रक्त निघालं 1 वाजता. शरीर तासाला साधारण 15 मिलीग्रॅम उतरवतं, म्हणजे 100 मिनिटांत 25 गेले, रिपोर्टात उरले 20. वकील उभा राहून म्हणणार, "रिपोर्ट मर्यादेच्या आत, मशीन खोटी!" वा! मशीन खोटी नाही हो, घड्याळ पुढे सरकलंय! 11:20 ला स्टिअरिंगवर 45 वालाच बसला होता. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी असं कायदा म्हणतो. त्या दोन तासांत 30 मिलीग्रॅम जिरतात. उलटही होतं: नुकतीच ढोसून निघालेल्याचा आकडा ठाण्यात पोहोचेपर्यंत चढतोही. म्हणून दोन्ही आकड्यांसोबत दोन्ही वेळा वाचायच्या असतात. पण वेळ कुणी लिहायची? पंचनाम्यात "रात्री" एवढंच लिहिलं की झालं काम.

सुटलात, अभिनंदन. नाहीच सुटलात, तर पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय लायसन्सवर किमान 6 महिने पाणी.

आणि ऐक रे शहाण्या, पुरे झाली थट्टा. कॅलिब्रेशन चुकलं म्हणून तू सुटशील. ज्याच्या अंगावर गाडी घालशील त्याची हाडं कुणी कॅलिब्रेट करत नाही. आसरा चौकातून घरी जायला रिक्षा मिळते. चावी दे इकडे.